'लॅक्स ओनरशिप'ला मराठीत काय म्हणावं?

वाळूजहून, अनुवादक: कारखान्यातल्या ऑपरेटरांचे वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म मुख्य कार्यालयातून इंग्रजीत येतात. ते मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आहे. प्रेस शॉपमधल्या एका सेटरच्या फॉर्मवर शेरा होता, 'लॅक्स ओनरशिप. डज नॉट इन्फॉर्म प्लॅनिंग अबाउट डिलेज.' मी लिहिलं, 'जबाबदारी घेत नाही. उशीर झाल्यास प्लॅनिंगला कळवत नाही.' ते फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ताई, अकरा वर्षं झाली. मी बेजबाबदार आहे का?" त्यांच्या सुपरवायझरना विचारलं, तर वर्षात तीनदा डाय बदलायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि प्लॅनिंगला ते गाडी येऊन थांबल्यावर कळलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. माझं कुठे चुकलं?

भाषाप्रेमी, जालना: सुरुवातच चुकली. मराठीत 'मालकीभाव' हा सरळ शब्द आहे. 'मालकीभावाचा अभाव' लिहा.

लातूरकर: दादा, प्रेस शॉपमधला माणूस 'मालकी' वाचून कंपनीचा मालक कोण, हेच विचारील. ताई, खोट 'घेत नाही'त आहे. आमच्याकडं 'जमत नाही' म्हणलं की माणूस कामातून गेला. 'जमंना गेलंय' म्हणलं की धडपड चालू आहे, आज ना उद्या जमेल. तुम्ही 'कळवेना' लिहा, मऊ होतं.

निवृत्त कामगार कल्याण अधिकारी, छत्रपती संभाजीनगर: लातूरकरांचं निम्मं बरोबर आहे. 'जमेना', 'उमजेना' यांत माणूस प्रयत्न करतोय आणि काम हाती लागत नाही. पण जी क्रिया माणसाच्या मर्जीवर असते, तिथे हेच रूप हट्ट दाखवतं. 'ऐकेना', 'बोलेना', 'देईना' पाहा. 'कळवेना' म्हणजे सांगूनही कळवायला तयार नाही. ते 'कळवत नाही'पेक्षा कडक झालं.

ताई, 'कळवत नाही'नं तीन प्रसंगांचा स्वभाव केला. 'दारू पीत नाही', 'मांस खात नाही' हे आपण कायमच्या सवयीबद्दल बोलतो, तसंच ते वाचलं गेलं. घडलेलं भूतकाळात आणि मोजून लिहा. 'या वर्षात तीन वेळा डाय बदलायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला, तेव्हा प्लॅनिंगला उशिरा कळलं.' 'कळलं'मध्ये कुणाकडे बोट जात नाही. मात्र तिथेच थांबलात, तर फोन कुणी करायचा होता हे त्यांना समजणारच नाही, आणि पुढच्या वर्षी तोच शेरा येईल. म्हणून लगेच लिहा, 'अर्धा तास उशीर होणार असं दिसलं की आपण स्वतः प्लॅनिंगला फोन करावा.' अर्धा तास की किती, ते सुपरवायझरकडून ठरवून घ्या. 'सुधारणेस वाव आहे' लिहू नका. त्यातून कुणाला काहीच कळत नाही.

आणखी एक. 'हलगर्जीपणा', 'कसूर', 'नेहमी दुर्लक्ष' हे शब्द फॉर्मवर येऊ देऊ नका. स्थायी आदेशांतल्या गैरवर्तनाच्या यादीत कामातली नेहमीची हलगर्जी असते. उद्या चौकशी लागली, तर तुमचा 'नेहमी' त्यांच्याविरुद्ध वाचला जाईल.

परभणीची शिक्षिका: प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' लिहिलं की पालक पोराला मारायचे. मी 'गुणाकारात हातचा धरायचा राहतो' लिहू लागले, तर पालक हातचा शिकवायला बसले. पण ताई, 'घेत नाही' हे एकवचन अकरा वर्षांच्या माणसाला? इंग्रजीतल्या 'ही'चा 'तो' करायलाच हवा का? मला वाटतं त्यांना तेच जास्त लागलं असेल.

भाषाप्रेमी, जालना: मुळात 'फीडबॅक', 'फॉर्म', 'प्लॅनिंग' हे कशाला? 'अभिप्राय', 'प्रपत्र', 'नियोजन' लिहा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नाही.

लातूरकर: खात्याचं नाव दारावर 'प्लॅनिंग' आहे. 'नियोजनाला फोन करा' म्हणलं तर तो कुठं करील? आणि फारसी नको, तर 'शेरा' चालतो का? माझ्या मते 'ताशेरे' त्याच 'शेऱ्या'तून आले, म्हणून तर शेरा म्हणलं की धसका बसतो.

निवृत्त कामगार कल्याण अधिकारी: आवाज जुळला म्हणून मूळ जुळेलच असं नाही. पण 'शेरा' नकोच. सरकारी नोकरीत 'प्रतिकूल शेरा' ऐकून ऐकून तो शब्द बिघडला आहे. 'सूचना' बरा.

भाषाप्रेमी: सूचना वरून खाली येते. अभिप्रायाला उत्तर देता येतं. हा फरक तुम्ही पुसताय.

वाळूजहून, अनुवादक: एकवचनाचं परभणीच्या बाईंचं म्हणणं पटलं, बदलते. वाक्यंही अधिकाऱ्यांनी सांगितल्यासारखी करते. पण एक अडलंच आहे. फॉर्मवर 'ओनरशिप' हा रकानाही आहे आणि त्यात पाचपैकी गुण भरायचे असतात. तिथे वाक्य मावत नाही.

परभणीची शिक्षिका: 'आपलेपणा'?

लातूरकर: अकरा वर्षं राबलेल्या माणसाला आपलेपणात पाचपैकी दोन? ते त्यांना पहिल्या वाक्याहून जास्त लागेल.