मदत हवी आहे : जर्मनीला जाताना तीन महिन्यांचे इन्सुलिन हातसामानात कसे न्यावे?

माझी मुलगी सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईहून जर्मनीला जात आहे. वाटेत एक विमान बदलायचे आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे. तिकिटावर २३ किलोची एक बॅग आणि ८ किलोचे हातसामान चालते. पासपोर्ट, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका, एपीएस प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचे पत्र आणि विम्याचे कागद हातसामानातच राहतील. दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे यादीतून काढले आहेत.

खरी अडचण औषधांची आहे. स्वतःच्या वापरापुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची औषधे नेता येतात. तिला सुई तपासण्यासाठी वाया जाणारे धरून रोज सुमारे ५० युनिट लागतात, म्हणजे ९० दिवसांचे ४५०० युनिट, अर्थात ३०० युनिटची १५ पेने. मोठ्या बॅगेत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, म्हणून ते हातसामानातच न्यायचे आहे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे, मात्रा आणि सुयांचा उल्लेख असलेले इंग्रजी पत्र घेतले आहे. विमान कंपनीला ईमेल केला, पण उत्तरात फक्त सर्वसाधारण नियम आले.

तिथला विद्यार्थी आरोग्य विमा १ ऑक्टोबरपासून सुरू होईल. तोवर प्रवासविमा आहे.

ज्यांनी असे इन्सुलिन नेले आहे त्यांनी कृपया सांगावे : विमान बदलताना सुरक्षा तपासणीत थंड ठेवणारी जेलची पाकिटे अडवली का, आणि तिथे पोहोचल्यावर पहिले प्रिस्क्रिप्शन मिळायला किती दिवस लागले?