कपाटामागची बुरशी: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

बी-३०४, काकू: नमस्कार सगळ्यांना. बेडरूममधलं प्लायचं कपाट आज सरकवलं, तर मागच्या फळीवर पांढरी-हिरवी लव. आतल्या गाद्या-रजयांनाही कुबट वास. दोन वर्षांपूर्वीचंच कपाट आहे. भिंतीतून पाणी येतंय असं वाटतं. बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं का?

ए-२०१: आमच्याकडेही दिवाणाच्या पेटीत तेच झालंय. डांबरगोळ्या टाकल्या आहेत भरपूर.

सी-१०२, दादा (फर्निचर काम): काकू, वॉटरप्रूफिंगचा खर्च करण्याआधी एक सांगा. त्या खोलीत कूलर अजून सुरू आहे का?

बी-३०४, काकू: हो, रात्रभर. उकडतं ना रे.

सी-१०२, दादा: मग आधी तिथेच बघू. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ताट्यांमधलं पाणी झपाट्यानं उडतं, म्हणून खोली गार होते. पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली असते. पाणी नीट उडत नाही, गारवा मिळत नाही आणि जे थोडं उडतं ते खोलीत राहून लाकडात, कापसात शिरतं. कपाटामागे हवा फिरत नाही, म्हणून बुरशी तिथून सुरू होते. कूलर बंद करा, टाकी रिकामी करा, ताट्या सुकवून ठेवा. नुसता पंखा लावा. एसी असेल तर ड्राय मोडवर.

बी-३०४, काकू: पण भिंत ओली असली तर?

सी-१०२, दादा: तेही घरीच कळेल. कपाटामागच्या भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची. काहीच नसेल तर भिंत बरी आहे. नुसता हात लावून ठरवू नका, काहून की भिंत हाताला गार लागते, म्हणून ती ओली वाटते.

बी-३०४, काकू *(दोन दिवसांनी)*: आज काढला. आतून-बाहेरून कोरडा. म्हणजे पाणी भिंतीतलं नाही. आता ती बुरशी कशी काढू?

सी-१०२, दादा: कोरडं झटकू नका, तिचे कण घरभर उडतात. मास्क लावा, कपाट रिकामं करा, खिडकी उघडा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, फडकं घट्ट पिळून पुसा. मग साध्या ओल्या फडक्यानं, शेवटी कोरड्यानं. फळीवर पाणी ओतू नका, प्लायचे पापुद्रे सुटतात. नंतर पंख्याच्या झोतात दिवसभर सुकू द्या. काळे डाग राहिले तर तो नुसता डाग समजा. पण आठवड्याभरात लव किंवा वास परत आला तर ओल अजून आहे. फळी बोटानं दाबल्यावर मऊ लागली तर ती बदलावीच लागेल.

मागची फळी बहुतेक कच्ची, बिनरंगाची असते. तिला प्रायमरचा हात द्या, पण आत्ता नाही. ओलसर लाकडावर रंग मारला की ओल आतच कोंडते. पोळा होऊ द्या, पाऊस सरू द्या, दिवाळीआधी करा. कपाट परत लावताना भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

ए-२०१: आणि माझ्या डांबरगोळ्या?

सी-१०२, दादा: भाऊ, त्या किड्यांसाठी. बुरशीला त्यांनी काही होत नाही. ओल शोषणारे डबे मिळतात, कॅल्शियम क्लोराइडचे, ते बंद पेटीत चालतात. उघड्या खोलीत ते पुरे पडत नाहीत. त्यांत पाणी साठतं ते सांडलं तर कपडा आणि लाकूड दोन्ही खराब होतं, म्हणून डबा सरळ उभा ठेवा. आणि दिवाणाची फळी रोज तास-दोन तास उघडून वर पंखा सोडा.

बी-४०१, ताई: बाप्पा, माझ्या सासूबाईंच्या जुन्या सागवानी टेबलावर पांढुरका धूर धरल्यासारखा दिसतोय. स्पिरिटनं पुसू?

सी-१०२, दादा: नका ताई! जुन्या टेबलावर लाखेचं पॉलिश असायची शक्यता जास्त, आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. आधी बोट फिरवा. पावडरीसारखं बोटाला लागलं आणि कुबट वास असला तर बुरशी, पिळलेल्या फडक्यानं निघेल. पुसूनही पांढुरकंच राहिलं तर पॉलिशमध्ये ओल शिरलीय. कोरड्या दिवसांत ते पुष्कळदा आपोआप कमी होतं, राहिलंच तर पॉलिशवाल्याला दाखवू.

बी-३०४, काकू: गाद्या कधी बाहेर काढू? खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या तर?

सी-१०२, दादा: पाऊस सुरू असताना उघडल्या तर बाहेरचीच ओल आत येते. दुपारी ऊन पडलं की हवेतली ओल कमी होते, तेव्हा खिडक्या उघडा आणि गाद्या गॅलरीत उभ्या करा. दोन्ही बाजूंना ऊन लागू द्या, मग घरात आणून थंड होऊ द्या. गरम असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. रजयांना जुन्या सुती साड्यांच्या खोळी बऱ्या.

बी-३०४, काकू: बरं. कूलर आजच उतरवते. शनिवारी कपाट ओढायला दोघं जण लागतील, येता का कोणी?

ए-२०१: मी येतो काकू, दहानंतर.