वडील वारीत आहेत, फोन ‘अल्ट्रा बॅटरी सेव्हर’मध्ये अडकलाय. मदत हवी आहे

चहाबिस्किट
अण्णा (वय ६८) माउलींच्या पालखीबरोबर चालतायत. दिंडीत जायचं हे चौथं वर्ष, पण स्मार्टफोन घेऊन पहिलंच. आधी बटणांचा साधा फोन असायचा, चार-चार दिवस चार्जिंगकडे बघायला लागायचं नाही. यंदा माझ्याच हौसेनं हा दिला. म्हटलं लोकेशन दिसेल, फोटो पाठवतील.

परवा जेजुरीहून वाल्ह्याला जाताना त्यांचा फोन आला, “अरे, अकरा टक्के राहिलंय, काय करू?” मी बोलता बोलताच त्यांना वरची पट्टी खाली ओढायला लावली आणि ‘अल्ट्रा बॅटरी सेव्हर’ दाबायला सांगितलं. तिथून सगळं बिघडलं. व्हॉट्सॲपला एकच टिक, लाइव्ह लोकेशन थांबलेलं. काल वाल्हे ते लोणंद दिवसभर तसंच. मी दोनदा फोन लावला. एकदा पूर्ण रिंग गेली, उचलला नाही. एकदा ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’.

रात्री दिंडीतल्या एका माउलींच्या फोनवरून बोलले. म्हणाले, “तुझा फोन गेला. काळा पडदा आणि चार चित्रं उरलीत. नीरास्नानाचे फोटोपण काढता आले नाहीत, आधीचेही गेले.” आणि बॅटरी किती विचारलं तर म्हणे ७८! वाल्ह्यात रात्री चार्ज केली होती.

फोटो खरंच गेले का? आणि उद्यापासून त्यांनी हा मोड वापरावा की नाही? मला तर वाटतं सकाळपासूनच लावून ठेवावा म्हणजे दोन दिवस जाईल.

तीनफुल्या
एवढं कशाला, १०,००० ची पॉवरबँक घेऊन द्या की. मी वापरतो ती तीन वर्षं झाली, अजून झकास. बॅटरी लवकर उतरत असेल तर कंपनीच्या सेंटरला बदलूनही मिळते.

चहाबिस्किट
पॉवरबँक दिली होती हो. दिवे घाटात पावसात भिजली, आता दिवाच लागत नाही तिचा. मुक्कामाला दिंडीच्या ट्रकजवळ जनरेटर असतो, पण एका बोर्डाला वीस फोन आणि राखण करायला कुणीतरी बसावं लागतं. बॅटरी नवीच आहे, प्रश्न मोडचा आहे.

निशिगंध
फोटो कुठेही जात नाहीत, निश्चिंत राहा. त्या मोडमध्ये फक्त मोजकी ॲप दिसतात, बाकीची झाकून ठेवलेली असतात. गॅलरी त्या चारांत नसेल म्हणून त्यांना वाटलं गेले.
बॅटरी वाचवायची तर दोन गोष्टी करा. पडदा ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, रंग दाखवायलाच जास्त बॅटरी लागते. आणि सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क २जी करा. आमच्या गावी सगळे असंच करतात.

सोल्डरिंग
मोबाइल दुरुस्तीत अठरा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या निम्म्यात निशिगंध बरोबर आहेत, दुसऱ्या निम्म्यात थोडं सांभाळा.

आधी तुमच्या अण्णांचं. फोन बिघडलेला नाही, मोड चालूच राहिलाय. साध्या बॅटरी सेव्हरला बऱ्याच फोनमध्ये ‘चार्ज झाल्यावर आपोआप बंद कर’ असा पर्याय असतो. या टोकाच्या मोडचं तसं प्रत्येक कंपनीत नसतं, काहींत तो हातानंच बंद करावा लागतो. वाल्ह्यात चार्ज झाला, पण बंद करायचं कुणाला सुचलं नसणार. त्या काळ्या पडद्यावर कोपऱ्यात Exit किंवा ‘बाहेर पडा’ असं बारीक अक्षरात असतं. नाहीतर सेटिंग, बॅटरी, तिथून बंद. बंद केला की फोटो, ॲप, वॉलपेपर सगळं होतं तसं परत.

आता हा मोड नेमकं करतो काय? तुम्ही निवडलेली ॲप सोडून बाकी सगळ्यांना झोपवतो. ती मागे चालत नाहीत, इंटरनेट घेत नाहीत, सूचना देत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲपची एक टिक. चॅट सर्व्हरवर थांबलंय, फोनपर्यंत उतरलेलंच नाही. पण साधा कॉल आणि एसएमएस येतच राहतात, कारण त्यांना व्हॉट्सॲपसारखं मागे ताटकळत बसणारं ॲप लागत नाही, मॉडेम थेट टॉवरशी बोलतो. अण्णांना एसएमएस करा, तो पोचेल.

लाइव्ह लोकेशनचं म्हणाल तर ते मुळातच जास्तीत जास्त आठ तास चालतं. सकाळी किती वाजता सुरू केलं होतं?

चहाबिस्किट
साडेसहाला. बंद पडलं ते साडेअकराच्या सुमारास, म्हणजे मोड लावला तेव्हाच.

सोल्डरिंग
मग मोडनंच. पडदा विझला की लोकेशन घेणं थांबतं.

आता ११ टक्क्यांचा हिशेब. ५००० एमएएचची बॅटरी धरा, म्हणजे शिल्लक ५५०. माझ्या टेबलावरच्या मीटरला असा फोन या मोडमध्ये, पडदा बंद, रेंज चांगली असताना सरासरी १५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. भागाकार केला की ३६ तास. फोन दाखवतो तो आकडा असाच काढलेला असतो, आणि लोकांना वाटतं आता दीड दिवस बघायला नको. पण पडदा पेटला की तोच फोन २५० ते ३०० खातो. नुसता तासभर पडदा चालू राहिला तर झोपेतले सतरा ते वीस तास गेले. अण्णा ‘आता काय झालं’ म्हणून दर दहा मिनिटांनी उघडून बघत असतील तर मोड काय करणार?

दुसरी गोष्ट रेंज. हा मोड ॲप झोपवतो, मॉडेमला झोपवत नाही. झोपवला तर कॉल कसा येईल? जिथे टॉवर लांब किंवा रेंज येते-जाते, तिथे मॉडेम जास्त जोर लावून बोलतो आणि सतत शोधत राहतो. अशा ठिकाणी सरासरी ५०-५५ वर गेलेली मी पाहिलीय. मग ३६ तासांचे झाले दहा. वारीत लाखो फोन एकाच पट्ट्यात चालतायत, तिथे टॉवरवर गर्दीही असते. तुमचं ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ त्यातलंच असावं. फोन नीट बंद झाला असता तर बहुतेक वेळा ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं असतं.

म्हणून निशिगंध यांच्या २जी बद्दल: सिम जिओचं असेल तर हे अजिबात करू नका. त्यांचं २जी नेटवर्कच नाही, कॉलही ४जी किंवा ५जीवरूनच जातो. सेटिंग बदलली की फोन नुसता शोधत बसेल, कॉल शून्य आणि बॅटरी दुप्पट. ज्या कंपनीचं २जी आहे तिथे एखाद्या वस्तीत चालेल, पण घाटात बदलून प्रयोग करू नये.

आणि ब्लॅक अँड व्हाइट. रंग काढल्यानं वाचत नाही, पिक्सेल काळा केल्यानं वाचतं, तेही पडदा ओएलईडी असेल तर. त्यात काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. स्वस्तातल्या फोनचा पडदा बहुधा एलसीडी असतो, त्याच्यामागची ट्यूब म्हणा, दिवा म्हणा, काळ्यातही जळतच असतो. तिथे एकच उपाय, ब्राइटनेस खाली.

निशिगंध
आमच्याकडे एअरटेल आहे, म्हणून चालत असेल. जिओचं लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. पण माझ्या सॅमसंगवर मी पॉवर सेव्हिंगमध्ये Limit apps and Home screen लावते तेव्हा बॅटरी खरंच खूप पुरते. रंग काळे होतात ते उगाच नाही.

सोल्डरिंग
तुमचा पडदा ओएलईडी असेल तर काळ्याचा फायदा आहेच. बाकी पुरते ती ॲप बंद झाल्यामुळे.

घाटमाथा
माझा अनुभव टाकतो. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम, फोन १४ टक्क्यांवर, हाच मोड लावला. पहाटे सूर्योदयाला कॅमेरा चालू केला आणि फोन धाडकन बंद. खाली पाचनईत आल्यावर चालू केला तर ९ टक्के दाखवले! म्हणजे मोड फसवतो. माझा त्यावरचा विश्वास उडाला.

सोल्डरिंग
मोड फसवत नाही, टक्केवारी फसवते. ती अंदाज असते. थंडीत आणि जुन्या बॅटरीत आतला रोध वाढतो, कॅमेरा किंवा टॉर्चनं एकदम जोराचा प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. ऊब मिळाल्यावर परत उठतो, तुमचं झालं ते हेच. फोन किती जुना होता?

घाटमाथा
साडेतीन वर्षं. बरं, म्हणजे शेवटच्या १५ टक्क्यांत कॅमेरा-टॉर्च काढायचाच नाही.

कुंदकळी
विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. आईच्या फोनवर मी गोळ्यांची आठवण देणारं ॲप टाकलं होतं. वीज नव्हती म्हणून तिनं हा मोड लावला आणि दोन दिवस रात्रीची रक्तदाबाची गोळी राहिली. ॲप झोपलं होतं ना! आता फोनच्या स्वतःच्या घड्याळात गजर लावलाय आणि घड्याळ त्या मोजक्या ॲपमध्ये आहे का ते आधी बघितलं. अण्णांना गोळ्या असतील तर हे बघा.

चहाबिस्किट
कुंदकळीताई, बरं झालं सांगितलंत. मधुमेहाची गोळी आहे, आणि आठवण व्हॉट्सॲपवर मीच करत होतो!

ताजी खबर: आज लोणंदला मुक्काम आहे. दिंडीतल्या एका कॉलेजच्या मुलाला फोन द्यायला सांगितला, त्यानं दोन मिनिटांत Exit दाबून दिलं. फोटो सगळे आहेत. मग व्हॉट्सॲपचे २१४ मेसेज एकदम उतरले आणि फोन पाच मिनिटं टिंगटिंग करत राहिला, त्यातच तीन टक्के गेले म्हणे.

सोल्डरिंगदादा, मग असं ठरवू का? लाइव्ह लोकेशन बंद. दुसरं सिम गावाकडचं आहे, ते लागतच नाही तिकडे.

सोल्डरिंग
दुसरं सिम आजच बंद करा, सेटिंगमधूनच होतं. रेंज नसलेलं सिमही शोधत असतं, अण्णांची निम्मी बॅटरी तिथेच जात असेल तर नवल नाही.
मोड सकाळपासून लावून ठेवू नका. मग व्हॉट्सॲप, फोटो काहीच नाही आणि तुम्ही पुन्हा काळजीत. दिवसभर साधा बॅटरी सेव्हर पुरे. २० टक्क्यांच्या खाली गेलं आणि मुक्काम लांब असेल तरच अल्ट्रा. त्या मोजक्या ॲपच्या जागी आज चार्जिंग आहे तोवर फोन, मेसेज, घड्याळ आणि एक नकाशा बसवून ठेवा. व्हॉट्सॲप घालू नका. घातलं की ते मागून परत खायला लागतं आणि मोडाचा अर्थ संपतो.
आणि वेळ ठरवा. दुपारच्या विसाव्याला एक फोन, रात्री एक. मधे रेंज एकच कांडी किंवा तीही नाही असा पट्टा असेल तर विमान मोड. त्या वेळात कॉल येणार नाही, हे घरच्यांना ठाऊक हवं, नाहीतर तुम्ही पोलिसात जाल.

चहाबिस्किट
दिंडीचा क्रमांक आणि ट्रकचालकाचा नंबर कागदावर लिहून घेतलाय, हा उद्योग आधीच करायला हवा होता. एक कोडं मात्र राहिलंच. त्या दिवशीचा तो कॉल, पूर्ण रिंग गेलेला. अण्णा शपथेवर सांगतात फोन वाजलाच नाही, आणि मिस्ड कॉल दिसतोय.

निशिगंध
गर्दीत टाळ-मृदंग चालू असताना वाजला तरी काय ऐकू येणार?

चहाबिस्किट
तेही खरं. पण ते म्हणतात तेव्हा झाडाखाली बसले होते.

सोल्डरिंग
त्या मुलाकडून रिंगचा आवाज आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ तपासून घ्या. पट्टी खाली ओढताना शेजारचं बटण दाबलं जातं, माझ्याकडे आठवड्याला एक तरी असं गिऱ्हाईक येतं.

चहाबिस्किट
उद्या विसाव्याला विचारतो आणि इथे कळवतो.