मृत्युपत्र नव्हतं आणि वारसांत सासूबाईही होत्या: तुमचे अनुभव लिहा

मीनल_क
काल मैत्रिणीचा फोन आला, तिचे मिस्टर अचानक गेले, "घर आता माझं आणि मुलांचंच ना गं?" विचारत होती. आमच्या वहिनीचं सगळं आठवलं. दादाने मृत्युपत्र केलं नव्हतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, निम्मा निम्मा. दादाच्या निम्म्याचे चार सारखे वाटे, वहिनी, दोन मुलं आणि आमची आई. म्हणजे अख्ख्या फ्लॅटमधे आईचा आठवा हिस्सा. आई म्हणायची मला काही नको, पण कागद कोणी केलाच नाही. पुढे आई गेली, बाबा आधीच गेलेले, मग तिचा हिस्सा तीन जागी गेला: मी, धाकटा भाऊ आणि दादाची दोन्ही मुलं मिळून एक. फ्लॅट विकायला काढला तर गिऱ्हाइकाच्या बँकेने आम्हा दोघांच्याही सह्या मागितल्या आणि धाकटा अडून बसला. वहिनी रडकुंडीला आली होती.

सुहास७१
वहिनी नॉमिनी असेल ना? मग प्रश्नच नाही, नॉमिनी म्हणजे मालक.

हर्षदा_वकील
नाही हो सुहासदादा, नॉमिनी नुसता सांभाळणारा. सोसायटी त्याला तात्पुरतं सभासद करून घेते, मालकी वारसांचीच. मीनलताई, आई हयात असतानाच हक्कसोडपत्र करून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायला हवं होतं, तोंडी "नको" म्हटल्याने हिस्सा सुटत नाही. आणि मुलं अठराच्या आतली असतील तर त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून मागू शकतं. गिऱ्हाइकाचा वकील हेच आधी बघतो.

भाग्यश्री_सांगली
बापरे मीनल 😔 वहिनीला सांभाळा. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

रानवारा
आमच्याकडे काका गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंदीच्या अर्जात काकू आणि पोरांचीच नावं टाकली, आजीचं राहिलं. फेरफाराची नोटीस लागली तेव्हा आत्याने हरकत घेतली, बरोबरच होतं तिचं. आजीचं नाव चढलं. आता सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, पीककर्जाला सगळ्यांना गोळा करायचं, त्यात एक नाशकात एक सुरतेला, आणि यंदा पाऊस असा की पेरणी दोनदा.

फोंडेकर
आमच्या गोव्यात वेगळं आहे बरं का. निम्मं बायकोचं आधीपासूनच, उरलेलं निम्मं मुलांचं. मुलं असली की आईला वारसा नाही.

अनघा_पी
माझे सासरे हयात आहेत, त्यांचाही वाटा निघेल का?

हर्षदा_वकील
नाही अनघा. बायको, मुलं, आई यांच्यातलं कोणी असेल तर वडिलांना मिळत नाही. हे हिंदू वारसा कायद्याचं सांगतेय हं, मुस्लिम कुटुंबात आई-वडील दोघांनाही हिस्सा असतो.

सुहास७१
आणि वडिलोपार्जित शेती असेल तर? आमच्याकडे अजून वाटपच झालेलं नाही, भाऊ मागच्या महिन्यात गेला.

मीनल_क
अरेरे सुहासदादा. हर्षदा, सांग गं यांना.