मदत हवी आहे: सूचनांच्या पट्टीतून दिलेले उत्तर उशिरा पोहोचते, आणि तरंगते बबल फक्त एकाच ॲपला दिसतात

मुद्रितशोधक

मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. पुस्तकाची पाने पीडीएफ स्वरूपात फोनवरच वाचते आणि वाचता वाचता छापखान्याकडून शंका विचारल्या जातात. प्रत्येक वेळी पीडीएफ सोडून चॅटचे ॲप उघडले, की परत येईपर्यंत पीडीएफ पहिल्या पानावर गेलेली असते. म्हणून मी वरची पट्टी खाली ओढून, निरोपाखालच्या "Reply" वर बोट ठेवून तिथूनच उत्तर देण्याची सवय लावून घेतली.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास, मी घरी असतानाच, छापखान्याचा प्रश्न आला की पान 112 वरील दुरुस्ती कायम ठेवायची का. पावणेपाचला बसमध्ये बसल्यावर मी पट्टीतूनच "होय, कायम ठेवा" असे लिहून पाठवले, आणि माझा मजकूर त्यांच्या प्रश्नाखाली व्यवस्थित उमटलेलाही पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की उत्तर न आल्यामुळे त्यांनी जुनेच पान छापायला घेतले. त्यांच्या फोनवर माझ्या उत्तराची वेळ 7 वाजून 38 मिनिटे अशी दिसते, म्हणजे साधारण मी घरी परतले ती वेळ. हे कशामुळे होत असावे?

दुसरी शंका अशी, की माझ्या फोनवर (अँड्रॉइड 13) एका चॅट ॲपचे संभाषण गोल बबल होऊन पीडीएफवर तरंगते, परंतु छापखाना ज्या ॲपवर आहे त्याचे होत नाही. ते कसे करावे?

बिनधास्त_बबन

दोन्हींचे कारण परवानग्यांमध्ये आहे. त्या ॲपवरील बॅटरीचे बंधन काढून टाका, आणि "Display over other apps" ही परवानगी द्या, म्हणजे बबलही येऊ लागेल. मी वडिलांच्या फोनवर असेच केले होते आणि तेव्हापासून काही तक्रार नाही.

मुद्रितशोधक

आभारी आहे. दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. काल पुन्हा बसमधून उत्तर दिले, ते पुन्हा घरी आल्यावरच गेले. बबलच्या बाबतीतही काही फरक पडला नाही.

सायलीची_आई

माझ्या आयफोनवर निरोपावर बोट दाबून धरले, की तिथेच लिहिण्याची जागा उघडते आणि उत्तर लगेच जाते. तरंगणारे गोल मात्र मला कधीच सापडलेले नाहीत. ते कुठल्या सेटिंगमध्ये असतात?

खालची_आळी

सायलीची_आई, आयफोनमध्ये चॅटसाठी तसे बबल नाहीत, त्यामुळे शोधत बसू नका. पट्टीतून उत्तर देण्याची सोय तेवढी दोन्हीकडे आहे.

मुद्रितशोधक, आपण दिलेल्या वेळाच पुरेशा बोलक्या आहेत. पट्टीत आपला मजकूर प्रश्नाखाली उमटला, याचा अर्थ तो ॲपच्या हाती पडला, एवढाच. अँड्रॉइड तो मजकूर ॲपकडे सोपवते, ॲप ती सूचना नव्याने मांडून त्यात आपले वाक्य दाखवते, आणि निरोप प्रत्यक्ष पाठवण्याचे काम त्यानंतर पडद्याआड होते. तेव्हा ॲपला इंटरनेट मिळाले नाही, तर निरोप घड्याळाच्या खुणेसह पडून राहतो आणि पट्टीवरून ते कळत नाही.

म्हणून दोन प्रश्न विचारतो. घरी वाय-फाय आहे का? आणि घराबाहेर असताना, निरोपाचा मजकूर न दिसता "नवे निरोप आलेले असू शकतात" अशा अर्थाची मोघम सूचना कधी येते का? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर माझा संशय "Data Saver" वर आहे. ते चालू असले, की मोबाइल डेटावर फक्त समोर उघडलेल्या ॲपला इंटरनेट मिळते. पट्टीतून उत्तर देताना समोर आपली पीडीएफ असते आणि चॅटचे ॲप पडद्याआड राहते. मर्यादा नसलेल्या वाय-फायवर हे बंधन लागू होत नाही, म्हणून घरी सगळे सुरळीत वाटते.

बॅटरीचे बंधन हेही कारण असू शकते, बबन यांचे तेवढे म्हणणे योग्य आहे. पण त्याचा त्रास वाय-फायवरही जाणवला असता. "Display over other apps" ही मात्र जुनी वाट आहे. 2013 साली फेसबुकने आणलेली गोल चित्रे त्या परवानगीवर तरंगत असत. अँड्रॉइड 11 पासूनचे बबल सूचनांमधूनच निघतात आणि त्यांना ही परवानगी लागत नाही. दिली असल्यास परत काढून घ्यावी, असे मी सुचवेन.

मुद्रितशोधक

दोन्हींचे उत्तर होय! रोजचा दीड जीबी डेटा पुरावा म्हणून मुलाने "Data Saver" चालू करून ठेवले होते, हे आज कळले. ते पूर्ण बंद न करता त्या एका ॲपपुरते "Unrestricted data usage" चालू केले. मग वाय-फाय बंद करून पट्टीतून बहिणीला उत्तर दिले आणि तिच्याकडे ते लगेच पोहोचले.

एक विचित्र गोष्ट आढळली. जे ॲप बबल देते, त्याला मी अशी सूट दिलेली नाही. त्याचेही पट्टीतून दिलेले उत्तर मोबाइल डेटावर अडकले. पण त्याच संभाषणाचा बबल उघडून लिहिलेले उत्तर मात्र लगेच गेले.

खालची_आळी

ते अपेक्षितच आहे. बबल उघडला, की त्यात ॲपचाच छोटा पडदा उघडतो, म्हणजे ते ॲप त्या वेळी समोर आलेले असते. बबल मिटलेला, नुसता गोल तरंगत असेल, तर ही सवलत नाही.

छापखान्याच्या ॲपबाबत सांगायचे, तर बबलची सोय ॲप बनवणाऱ्याने करून द्यावी लागते. टेलिग्राम, सिग्नल आणि गुगल मेसेजेस यांत ती आहे. ॲपच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये "Bubbles" हा पर्यायच दिसत नसेल, तर आपल्या बाजूने करण्यासारखे काही उरत नाही. पर्याय असेल, तर तिथे सर्व संभाषणे, निवडक संभाषणे किंवा कोणतेच नाही, असे तीन प्रकार मिळतात. निवडक ठेवावे आणि छापखान्याचा निरोप आला, की सूचनेच्या खालच्या कोपऱ्यातील छोट्या चिन्हावर बोट ठेवावे. सगळीच संभाषणे तरंगू लागली, तर वाचायला पानच उरणार नाही.

सॅमसंगच्या फोनवर सूचनांच्या प्रगत सेटिंगमध्ये "Floating notifications" खाली "Smart pop-up view" मिळते. ती वेगळी यंत्रणा आहे आणि बबलची सोय नसलेल्या ॲपांनाही छोट्या चौकटीत उघडू शकते.

बिनधास्त_बबन

परवानगीबाबत माझी चूक झाली. मग आमच्या आईच्या जुन्या फोनवर "Bubbles" हा पर्याय कुठेच दिसत नाही, तो का? त्यावर अँड्रॉइड 11 आहे.

खालची_आळी

रॅम किती आहे? अगदी कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड बबल बंदच ठेवते.

बिनधास्त_बबन

2 जीबी. कळले.

मुद्रितशोधक

माझा फोन सॅमसंगचा नाही आणि त्या ॲपमध्ये "Bubbles" हा पर्यायही दिसला नाही. छापखान्याला दुसऱ्या ॲपवर येण्याची विनंती केली आहे. तोपर्यंत पट्टीतूनच उत्तर देईन आणि "छापा" किंवा "थांबा" असे काही असेल, तर ॲप उघडून घड्याळाची खूण गेल्याची खात्री करीन.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. फोन कुलूपबंद असताना पट्टीतून उत्तर देऊ लागले, की एका ॲपला पिन लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. कुलूपबंद पडद्यावर मजकूर दाखवण्याची सेटिंग दोन्हींची सारखीच आहे. कोणी तपासून पाहिले आहे का?