शब्दचर्चा : ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ चूक, मग ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर कसं?

नळस्टॉपची_बाई : आठवी-नववीचा इंग्रजीचा क्लास घेते. तासाला हात वर होतो आणि ‘मॅम, आय ॲम हॅविंग अ डाउट’ ऐकू येतं. मी ‘आय हॅव’ म्हणायला लावते. परवा एका मुलीने विचारलं, मग ‘आय ॲम हॅविंग लंच’ कसं चालतं? मला नीट कारण देता आलं नाही.

सदाशिवपेठी : सोपं आहे. असणं, माहीत असणं, आवडणं यात काही ‘करणं’ नाही, म्हणून आयएनजी सहसा लागत नाही. लंच हा अपवाद, पाठ करून घ्या.

मूक_बी : डाउटमधला बी उच्चारायचा नसतो, हेही मुलांना सांगा.

भाषांतरवाली : उच्चाराचा प्रश्न नाहीये हा. आणि काका, पहिलं बरोबर, पण लंच अपवाद नाही. तिथे ‘हॅव’चा अर्थच ‘जेवणं’ आहे, आणि जेवण चालू असू शकतं. मी ‘हॅव’च्या जागी ‘हॅव गॉट’ घालून बघते. ‘आय हॅव गॉट अ डाउट’ म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, म्हणजे हे ‘असणं’ आहे, आयएनजी नको. ‘आय हॅव गॉट लंच’ म्हटलं तर डबा जवळ आहे एवढंच कळतं, जेवण चालू असल्याचा अर्थ जातो.

हिंजवडी_फेज२ : बायको व्हिसाच्या मुलाखतीत ‘आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन’ म्हणाली. समोरच्या बाईंनी विचारलं, जुळी का? तिला प्रश्नच कळला नाही. आमची मुलं दहा आणि सहा वर्षांची आहेत!

भाषांतरवाली : बरोबरच विचारलं त्यांनी. ‘हॅविंग अ बेबी’ म्हणजे बाळ होणार आहे.

नळस्टॉपची_बाई : पण मुलांच्या तोंडात हे बसतं कुठून? मराठीत ‘मला शंका आहे’ असंच म्हणतो की.

सदाशिवपेठी : आम्हाला शाळेत शिकवलं होतं, ‘आहे’ आलं की ॲम-इज-आर. ‘जात आहे’लाही आहे, ‘शंका आहे’लाही आहे.

भाषांतरवाली : हे पटलं. शिवाय आपण दिवसभर ‘कळत नाहीये’, ‘आठवत नाहीये’, ‘ऐकू येतंय का?’ असंच बोलतो. मराठीत ते अगदी शुद्ध आहे. तेच इंग्रजीत गेलं की ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ होतं. तिथे ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ आणि ‘कॅन यू हिअर मी?’ हवं.

एक मात्र जपून शिकवा. ‘आय ॲम हॅविंग डाउट्स अबाउट धिस जॉब’ हे चांगलं इंग्रजी आहे. तिथे मन डळमळायला लागलंय, शंका एकामागून एक येतायत.

नळस्टॉपची_बाई : म्हणजे अनेकवचन झालं की चालतं?

भाषांतरवाली : नुसत्या अनेकवचनाने नाही. गणिताच्या तासाला ‘आय ॲम हॅविंग टू डाउट्स’ चूकच. खरं तर तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावं. इंग्रजांच्या कानाला ‘डाउट’ म्हणजे ‘तुमचं म्हणणं पटत नाही’.

सदाशिवपेठी : हे नाही मान्य. आपल्याकडे गुरुजींना शंकाच विचारतात. वर्गात सगळ्यांना कळतंय, तर ‘डाउट’ राहू द्या, ‘हॅविंग’ तेवढं काढा.