मदत हवी आहे: व्हीलचेअरसाठी गाडी, रॅम्प घ्यावा, लिफ्ट की फिरती सीट?

नमस्कार मंडळी. आम्ही डिचोलीत राहतो. आईला फिजिओथेरपीसाठी बांबोळीला न्यावं लागतं. ती धरून क्षणभर उभी राहते, पण पाय टाकता येत नाही.

एका व्हॅनचं माप घेतलं. मागचा फ्लोअर जमिनीपासून 58 सेमी. उतार एकास चार धरला तरी रॅम्प जवळजवळ 2.4 मीटरचा होतो, आणि मागून खुर्ची ढकलणारे बाबा सत्तरीचे. शिवाय खुर्चीत बसलेल्या आईची उंची 128 सेमी, दरवाजाची 112. म्हणजे डोकं अडणारच. मागची लिफ्ट ढकलणं वाचवते, डोक्याचा प्रश्न तसाच राहतो. फ्लोअर खाली घेतला तर गाडीचं पोट खाली येतं, आणि पावसात आमच्या वाड्यावरचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून मन बाहेर वळणाऱ्या पुढच्या सीटकडे झुकतंय. घडीची खुर्ची डिकीत जाईल. पण पुढे तिला उभंच राहता आलं नाही तर? स्लायडिंग बोर्डवरून सरकवायला सीट आणि खुर्ची जवळजवळ एकाच उंचीवर लागते.

कोणी अशी सीट वापरता का? जमिनीपासून ती किती उंच आहे? आणि गोव्यात आरटीओकडून आरसीवर बदलाची नोंद कशी करून घेतलीत?